मदत हवी आहे: नवरा मध्येच तोडतो आणि लगेच उपाय सांगतो. नीट ऐकण्याचा सराव दोघांनी कसा करायचा?

कोरी_पाटी

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राहतो, लग्नाला सहा वर्षं झाली. नवरा शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मी एका बँकेच्या शाखेत काउंटरला. माणूस चांगला आहे हे आधीच सांगते, नाहीतर पहिलाच प्रतिसाद "सोडून दे त्याला" असा येईल.

अडचण अशी की मी काही सांगायला लागले की दुसऱ्या वाक्याला तो मला तोडतो आणि तोडगा काढून मोकळा होतो. परवाचंच घ्या.

मी: आज साहेब सगळ्यांसमोर बोलले मला. एवढी रांग लागलेली आणि...
तो: लेखी द्या म्हणायचं त्यांना.
मी: अरे ऐक तरी, रांगेत आपल्या गल्लीतल्या काकू होत्या, आणि...
तो: मग वर मेल टाक ना. मी लिहून देऊ का?

मेल टाकायचा की नाही हे मला कळतं हो. नऊ वर्षं नोकरी केलीय. मला काकूंबद्दल सांगायचं होतं, ते राहिलंच. त्याच्या लेखी विषय संपला, मोबाईल हातात. मग मीच सांगणं कमी केलं, आणि आता त्याची तक्रार आहे की तू हल्ली काही बोलत नाहीस.

समोरच्याचं म्हणणं ऐकून आपल्या शब्दांत परत सांगायचं, असा एक सराव जोडप्यांना देतात म्हणे. आम्ही करून पाहिला. त्याने बातम्या वाचल्यासारखं "म्हणजे तुला असं म्हणायचंय की साहेब सगळ्यांसमोर बोलले" म्हटलं आणि दोघांनाही हसू फुटलं. हे खरंच कुणी केलंय का? नेमकं कसं? घरात सासू-सासरे असतात, त्यामुळे समोरासमोर बसून असलं काही करणं अवघडच आहे.

भडंग_विथ_चहा

ताई, सोप्पं आहे. बोलायच्या आधीच सांगून टाकायचं, "आज फक्त ऐक, उपाय नको." आमच्या घरात हेच चालतं. पुरुषांना आधी सांगितलं की जमतं, नाहीतर तक्रार आली म्हणजे दुरुस्तीला बोलावलंय असंच वाटतं. त्यात तुमचे मिस्टर मेंटेनन्सला! दिवसभर फोन येतो तो मशीन बंद पडल्याचाच. विषय कट.

तात्या_मंगळवारपेठ

ऐकत नाहीत म्हणजे एकदा कान तपासून घ्या. कारखान्यातल्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की हळूहळू ऐकू कमी येतं आणि माणसाला स्वतःला पत्ता नसतो. आमच्या धाकट्या भावाचं असंच झालं. वहिनींना वाटायचं मुद्दाम दुर्लक्ष करतो.

कोरी_पाटी

तात्या, ऐकू येतं त्याला. मॅच लागली की स्वयंपाकघरातून हाक मारली तरी येतं. पण कारखान्याचं म्हणताय ते खरं आहे, तपासून घ्यायला सांगते.

निशिगंध

मी काही वर्षं जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

भडंग, तुमचं अर्धं बरोबर आहे. आधी सांगितल्याने उपाय थांबतो, पण त्याच्या जागी करायचं काय हे माणसाला कळत नाही. मग तो गप्प बसून "हं, हं" करतो आणि बोलणाऱ्याला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. त्याला हातात काम द्यावं लागतं. परत सांगणं हे ते काम.

पहिल्यांदा विषय निवडा तो बाहेरचा. बँक, कारखाना, नातेवाइकाचं लग्न. तुमच्या दोघांतलं भांडण सुरुवातीला अजिबात घ्यायचं नाही. वेळ एकेकाला दहा मिनिटं, दारातून आत आल्या आल्या नाही, जेवणं झाल्यावर. हातात एक वस्तू ठेवा. ज्याच्या हातात ती, तोच बोलणार. या पद्धतीत खरं तर एक कार्ड देतात, पण गाडीची किल्लीही चालते.

बोलणाऱ्याने दोन-तीन वाक्यांवर थांबायचं. इथे बायकांची चूक होते, रागावू नका. एका दमात पंधरा वाक्यं सांगितली तर कुणीही परत सांगू शकणार नाही. आणि बोलायचं स्वतःबद्दल. "मला लाज वाटली" चालेल, "तू कधीच ऐकत नाहीस" नको.

ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत, थोडक्यात परत द्यायचं, आणि सांगण्याच्या सुरात. प्रश्नाच्या सुरात म्हटलं की उलटतपासणी वाटते. तुमच्या मिस्टरांनी तुमचेच शब्द परत दिले, म्हणून हसू आलं. आता तुमचाच प्रसंग घेऊ.

तुम्ही: रांगेत गल्लीतल्या काकू होत्या. त्यांच्यासमोर साहेब म्हणाले, जमत नसेल तर सांगा.
तो: ओळखीच्या माणसासमोर झालं म्हणून जास्त लागलं.
तुम्ही: हो! आणि आता त्या घरी येऊन आईंना सांगतील, याचीच धास्ती आहे.
तो: साहेबांपेक्षा घरी काय बोलतील याचाच घोर लागलाय. असंच ना? अजून काही?

तुम्ही काय म्हणाला असता ते मी अंदाजाने लिहिलंय, चुकलं असेल. पण पाहा, मेलने यातलं काय सुटलं असतं?

चुकलेला अंदाजही चालतो बरं का. "नाही, लाज नाही वाटली, राग आला" असं तुम्ही दुरुस्त करायचं, त्याने पुन्हा सांगायचं, आणि तुम्ही "हो, तेच" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. सराव लागू पडतोय हे यावरूनच ओळखायचं: "हो, तेच" नंतर बोलणारा असं काही सांगतो जे त्याने आधी सांगितलं नव्हतं. उलट तेच वाक्य तो तिसऱ्यांदा, जरा मोठ्याने म्हणत असेल तर समजायचं की पोचलेलं नाही.

परत सांगणं म्हणजे पटलं असं नाही. साहेबांचं थोडं बरोबर होतं असं त्याला वाटत असेल तर वाटू दे, पण ते त्याच्या पाळीत. आणि शेवटी एक प्रश्न: "काही सुचवू का?" नाही म्हटलं तर नाही.

उद्यमनगरी

मी दुसऱ्या बाजूचा. आमच्यात बायको मला तोडते. धंद्यातलं सांगायला गेलो की "मग त्या पार्टीला माल देऊच नका." अहो, माल नाही दिला तर खायचं काय? शिवाय आमच्या घरात सगळे एकदमच बोलतात, मध्ये बोललं नाही तर लक्ष नाही असं समजतात. किल्ली हातात घेऊन बसलो तर आई म्हणेल, कुठं निघालास?

निशिगंध

तुमच्या घरचं खटकण्यासारखं काही नाही. "अगं बाई! मग?" असं मध्ये बोलल्याने सांगणाऱ्याला जोर येतो. "माझंही परवा असंच झालं" किंवा "मग असं कर" याने विषय त्याच्या हातून जातो. मोजायचं असेल तर हे दुसरं मोजा.

कोरी_पाटी, एक चोरवाट सांगून ठेवते. हुशार माणसं उपाय परत सांगण्यातच लपवतात. "म्हणजे तुला तिथून बदली हवी आहे." तुम्ही बदलीचं नावही काढलेलं नसतं. असं झालं की "बदलीचं मी बोललेच नाही" एवढंच म्हणायचं.

कोरी_पाटी

रविवारी रंकाळ्याला फिरायला गेलो आणि चालता चालता केलं. किल्ली माझ्या पर्समध्ये, हातात नुसतं किचेन. समोरासमोर बसण्यापेक्षा हे बरं पडलं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

काकूंचं सांगितलं. तो आधी म्हणाला, "म्हणजे तुला काकूंशी बोलायचंय." मी म्हटलं, तसं मी बोलले नाही. मग बराच वेळ काही नाही. पुढे म्हणाला, "घरी आईला कळलं तर ती तुलाच दोन शब्द सुनावेल, असं वाटतंय." मला चालता चालता थांबावं लागलं, कारण हे मी त्याला कधी बोलले नव्हते.

पण त्याच्या पाळीत गाडी घसरली. तो म्हणाला, "तू सांगतेस तेव्हा मला काहीतरी करता यायलाच पाहिजे असं वाटतं. नुसतं ऐकायचं म्हणजे हात बांधून उभं राहायचं." आणि मी लगेच "अरे पण तुला काही करायला सांगितलंय कुणी?" मग तो गप्प झाला. परत येताना दोघेही घुश्श्यात. तिथे काय करायचं होतं?

भडंग_विथ_चहा

😄 ताईंनीच तोडलं की!

निशिगंध

तिथे म्हणायचं होतं, "मला त्रासात बघून नुसतं थांबणं तुला जड जातं." बस. त्याचं हे वाक्य जपून ठेवा, उपायाची घाई तिथूनच येते. तुमचा त्रास त्याला बघवत नाही, आणि तो बंद करायची त्याला येणारी रीत ती एकच.

घुस्सा आला की सराव थांबवायचा. छाती धडधडायला लागली, नाडी शंभरच्या वर गेली की माणूस ऐकण्याच्या स्थितीत नसतो, सराव कितीही केला असला तरी. निदान वीस मिनिटं सोडून द्यायचं, आणि त्यात मनातल्या मनात उत्तरं जुळवायची नाहीत, नाहीतर वीस मिनिटांनी तुम्ही तितकेच तापलेले. पुन्हा कधी बोलायचं ते मात्र थांबवणाऱ्यानेच सांगायचं, "जेवण झाल्यावर" वगैरे. नाहीतर दुसऱ्याला वाटतं टाळलं.

गणिताचे_सर

थोडा वेगळा सूर लावतो. जॉन गॉटमन या संशोधकाने नवविवाहित जोडप्यांवर केलेला अभ्यास 1998 साली आला. त्यात, सुखी जोडपी भांडताना असं एकमेकांचं म्हणणं परत सांगत बसलेली फारशी दिसली नाहीत. सौम्य सुरुवात, थोडा विनोद, बायकोचं म्हणणं नवऱ्याने मानून घेणं, याचा संबंध जास्त दिसला. मग हा खटाटोप कशाला?

निशिगंध

सर, अभ्यास खरा आहे आणि त्यावर पुढे वादही झाला. भर भांडणात हे कुणाला जमत नाही, मीही तेच म्हणते. पण तेच गॉटमन दिवसभराच्या बाहेरच्या ताणाबद्दल बोलताना उपायाआधी समजून घ्यायला सांगतात. कोरी_पाटींचा प्रश्न बँकेच्या साहेबांचा आहे, नवऱ्याशी भांडणाचा नाही. आणि जिथे बोलायचीच भीती वाटते, हात उगारला जातो, तिथे हा सराव करू नये. मन उघडं केलेलं पुढे उलटतं.

कोरी_पाटी

तसलं काही नाही आमच्यात. पण मग आईंचा विषय? तो आता निघालाच आहे. बाहेरचा म्हणायचा की आतला?

निशिगंध

आतला. अजून दोन-तीन आठवडे बँक आणि कारखाना यावरच राहा.

उद्यमनगरी

मला नाही पटत. एवढे दिवस थांबलात तर काकू आधी पोचतील. आजच सांगा त्याला, आईशी तूच बोल म्हणून.

कोरी_पाटी

दादा, हा उपाय झाला 🙂 पण काकूंचं म्हणताय ते खरं आहे. आज रात्री विचारते त्याला, तो काय म्हणतो बघू. किचेन माझ्याकडेच आहे.