मदत हवी आहे : रोख भाड्याचा पुरावा

बेळगावात शहापूरला भाड्यानं राहतो. स्टॅम्प पेपरवर 11 महिन्यांचा करार आहे, भाडं 6,500, डिपॉझिट 40,000. सुरुवातीला भाडं बँकेतून जायचं, मग मालकांनी रोखच मागितलं. पावती मागूनही दिली नाही. आता म्हणतात, चार महिन्यांचं भाडं थकलंय, डिपॉझिटमधून कापणार.

माझ्याकडे त्याच तारखांना एटीएममधून काढलेल्या पैशांच्या नोंदी आहेत, पण त्यावरून पैसे काढल्याचं दिसतं, दिल्याचं नाही. दोन महिन्यांना व्हॉट्सॲपवर त्यांचं ‘पोचले’ आहे. मूळ चॅट जपलंय. या महिन्यापासून यूपीआयनं, शेऱ्यात महिना लिहून पाठवतोय. घर सोडायचं नाही, कोर्टही नको.

उरलेल्या दोन महिन्यांसाठी आता काय जमवता येईल? आणि शेऱ्यात महिना असूनही ही रक्कम ते जुन्या थकबाकीत धरू शकतात का?