मदत हवी आहे: कोल्ड ब्रूचं कॉन्सन्ट्रेट गढूळ होतं, कमी निघतं आणि सहाव्या दिवशी बिघडतं

रानवाट

नमस्कार मंडळी. दोनदा प्रयत्न करून झाला, दोन्ही वेळा बिनसलं. तिसऱ्यांदा कॉफी वाया घालवण्याआधी विचारतेय.

पहिल्या वेळी कुठेतरी 'एकास चार' असं वाचलं होतं. मी एक कप कॉफी पूड आणि चार कप पाणी घेतलं. रात्रभर ठेवून गाळलं तर साधी पातळ कॉफी निघाली. त्यात बर्फ घातला की नुसतं तपकिरी पाणी.

दुसऱ्या वेळी वजनकाटा वापरला. 100 ग्रॅम पूड, 500 मिली पाणी, काचेच्या बरणीत ओट्यावर चोवीस तास. पूड घरी होती तीच घेतली, बऱ्यापैकी बारीक. जास्त वेळ ठेवलं की जास्त दाट होईल असं वाटलं. गाळायला बसले तर कागदी फिल्टर पाच मिनिटांत तुंबला. तीन कागद बदलले, दोन तास गेले, हाती आलं जेमतेम 270 मिली. तेही गढूळ, आणि जिभेवर बारीक रेती असल्यासारखं. चव कडू, तुरट. फ्रिजमध्ये ठेवलं होतं, तरी सहाव्या दिवशी आंबूस वास आला म्हणून ओतून दिलं.

तर चूक कुठे होतेय: प्रमाणात, वेळेत की गाळण्यात? आणि हे नक्की किती दिवस टिकायला हवं?

तिखटमीठ

फडक्यात बांधून घट्ट पिळा! मी तेच करतो, 270 चे 350 होतात. कागदाच्या भानगडीत पडूच नका. पूड बारीकच बरी, गार पाण्यात कॉफी उतरायला तिला मदत लागते. आणि टिकण्याचं म्हणाल तर कॉफी आम्लधर्मी असते, माझी बरणी महिनाभर राहते.

पाऊसवेडी

मी तर गरम कॉफी दाट करून रात्री फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी दूध, साखर, बर्फ. दहा मिनिटांचं काम. एवढा खटाटोप कशाला? माझा प्रश्न वेगळाच आहे: दूध घालून ठेवलेली बाटली तिसऱ्या दिवशी फाटल्यासारखी होते, ती का?

सावकाश

पाऊसवेडी, तुमची ती गार केलेली गरम कॉफी. चांगली लागते, पण चव वेगळी. गरम पाण्यात उतरणारं काहीसं आम्ल आणि बराचसा सुगंध गार पाण्यात तितका उतरत नाही, म्हणून कोल्ड ब्रू मऊ लागतं. दूध मात्र पिताना घालायचं. बाटलीत घालून ठेवलं की ती दुधाच्या हिशेबाने बिघडते, कॉफीच्या नाही.

आता रानवाट, तुमच्या दोन्ही वेळा समजल्या. पहिल्या वेळी 'एकास चार' हे प्रमाण वजनाचं होतं, तुम्ही ते मापाने घेतलंत. पूड हलकी असते. एका कपात साधारण 80-90 ग्रॅम मावते, पाणी 240 ग्रॅम. म्हणजे वजनाने तुमचं प्रमाण एकास अकराच्या आसपास गेलं. ती पिण्याजोगी कॉफी होती, कॉन्सन्ट्रेट नव्हतं.

दुसऱ्या वेळचं प्रमाण एकास पाच, ते बरोबर. घोळ झाला दळणात. भरड हवं, जाड रव्यासारखं किंवा त्याहूनही जाडसर. बारीक पुडीतला पिठासारखा भाग कागदाची छिद्रं बुजवतो, आणि जो निसटतो तो बरणीत तळाशी बसून हळूहळू उतरतच राहतो. रेती आणि तुरटपणा, दोन्हींचं मूळ तेच.

वेळेबद्दल: 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घरातल्या तापमानाला ठेवलेल्या कोल्ड ब्रूमधलं कॅफीन आणि क्लोरोजेनिक आम्ल मोजलं होतं. सुमारे 400 मिनिटांनंतर, म्हणजे साडेसहा-सात तासांनंतर, ती पातळी वाढायची जवळजवळ थांबली. मी चवीसाठी त्यापुढे जातो, ओट्यावर 12 ते 14 तास. चोवीस तासांनी कॉफी दाट होत नाही, लाकडासारखी तुरट होते. दाटपणा पाण्याच्या प्रमाणातून येतो, घड्याळातून नाही.

तिखटमीठ

बारीक पुडीतून लवकर उतरतं हे तरी खरं ना?

सावकाश

लवकर उतरतं, हे शंभर टक्के खरं. पण इथे वेळेची कमतरता नाहीच. रात्रभर बरणी ठेवायची असेल तर भरड पुडीलाही पुरेसा वेळ मिळतो. घाई नसताना बारीक दळून फक्त गाळायचा त्रास वाढतो.

पिळण्याबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि ते निम्मं महत्त्वाचं आहे. रानवाट, हा हिशेब बघा. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते. 100 ग्रॅम पुडीने 200 मिली धरलं, म्हणून 500 मधून 300 च्या आसपासच बाहेर येणार. बारीक पूड थोडं जास्त धरते, म्हणून तुमचे 270. त्यात तुमची चूक नाही. पण ते चोथ्यातलं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, तेही तितकंच दाट कॉन्सन्ट्रेट आहे. म्हणजे उतरलेल्या कॉफीपैकी 40 टक्के आपण चोथ्याबरोबर फेकतो. एकास आठ घेतलं तर 800 पैकी 200, म्हणजे 25 टक्केच जाते. प्रमाण जितकं दाट, तितकी कॉफी चोथ्यात जास्त अडकते.

तिखटमीठ ती पिळून काढतात. त्याने माल निघतो, पण पीठही निघतं आणि सगळं पुन्हा गढूळ होतं. मी पिळत नाही, धुऊन घेतो. चाळणीत फडकं घालून चोथा निथळू द्यायचा, साधारण वीस मिनिटं. मग त्याच चोथ्यावर 150 मिली गार पाणी अगदी हळू, सगळीकडे सारखं ओतायचं. ढवळायचं नाही. वरचं पाणी खालच्या दाट कॉफीला पुढे ढकलतं. हे दुसरं पाणी पहिल्यातच मिसळायचं.

नंतर सगळं मिश्रण दोन तास फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. साका तळाशी बसतो. मग वरचं निवळ अलगद कागदातून ओता आणि तळाचं बोटभर सोडून द्या, त्या बोटभरापायीच कागद तुंबतो. कागद आधी गरम पाण्याने भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, नाहीतर कागदाची चव येते.

हिशेबनीस

मग पिताना किती पाणी घालायचं? मी एकास एक घालतो, छाती धडधडते.

सावकाश

एकास पाचच्या, न धुतलेल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये एका भागाला दोन भाग पाणी घातलं की साधारण नेहमीच्या फिल्टर कॉफीइतकं होतं. चोथा धुतला असेल तर एकास दीड. पेल्यात भरपूर बर्फ असेल तर थोडं कमी घाला, तो वितळणारच. एकास एक म्हणजे तुम्ही पेलाभर बरंच कॅफीन घेताय. चव मऊ असल्याने ते कळत नाही.

रानवाट

40 टक्के वाचून थबकलेच. आणि बिघडण्याचं काय? महिना राहतं म्हणतात ते, माझं सहा दिवसांत गेलं.

सावकाश

महिन्याचं मी मानणार नाही. कॉफी आम्लधर्मी आहे, पण पुरेशी नाही. तिचा पीएच साधारण 5 असतो, आणि सुरक्षित धरायला 4.6 किंवा त्याखाली लागतो. त्यात कोल्ड ब्रू कुठेच उकळलेलं नसतं, त्यामुळे जंतू मरायचा प्रश्नच नाही. घट्ट झाकणाची बाटली खोलीत ठेवायची तर मुळीच नको. हवा नसलेल्या, गार न ठेवलेल्या अशा बाटलीत बोटुलिझमचा जंतू वाढू शकतो, आणि त्याचं विष वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. म्हणून गाळल्या गाळल्या फ्रिजमध्ये, 4 अंशांच्या आसपास. निवळ आणि पाणी न घातलेलं कॉन्सन्ट्रेट मी एक आठवडा चांगलं धरतो, फार तर दोन, पण दुसऱ्या आठवड्यात चव फिकी पडते. पाणी घालून ठेवलं तर दोन-तीन दिवस. आंबूस वास, बुडबुडे किंवा वर साय दिसली की ओतून द्यायचं, चाखून बघायचं नाही. जास्त काळ हवं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, सुगंध थोडा कमी होतो पण बिघडण्याची काळजी नाही.

तुमच्या बाबतीत मला तीन संशय आहेत: ओट्यावरचे चोवीस तास, तळाशी उरलेलं पीठ आणि गाळायचं फडकं. ते फडकं कसं धुता?

रानवाट

कपड्यांच्या साबणाने. आणि हो, वाळल्यावरही त्याला वास येतो.

सावकाश

तेच. कॉफीचं तेल धाग्यात बसतं आणि खवट होतं, साबणाचा सुगंधही उतरतो. कॉफीसाठी वेगळं फडकं ठेवा, नुसत्या पाण्यात उकळा, उन्हात कडकडीत वाळवा. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करा.

पाऊसवेडी

एक विचारू? मग भिजत ठेवायचं तेही फ्रिजमध्येच का नाही? माझा ओटा उन्हाळ्यात तापतो.

सावकाश

तापत असेल तर फ्रिजमध्येच, 18 ते 20 तास. चवीच्या दृष्टीने कोणतं बरं यावर मात्र माझं मत पक्कं नाही. मला ओट्यावरचं भरीव लागतं, घरात बाकी सगळ्यांना फ्रिजमधलं आवडतं.

रानवाट

काल रात्री केलं, म्हणून कळवते. 100 ग्रॅम भरड पूड, 500 मिली पाणी, ओट्यावर 14 तास. आधी पूड थोड्या पाण्यात सगळीकडून ओली करून घेतली, नाहीतर वर कोरडा थर तरंगत राहतो. नवं फडकं उकळून घेतलं. पहिलं निथळून 295 मिली निघालं, धुऊन आणखी 150. साका बसवून एकाच कागदातून सगळं गेलं, पंचवीस मिनिटांत. उजेडात धरलं तर तांबूस आणि पारदर्शक. एकास दीड पाणी घातलं, कडू लागलं नाही. तळाचं बोटभर टाकताना जीव थोडा तुटला, पण टाकलं.

बाटलीवर तारीख लिहिली आहे. आठव्या दिवशी कसं लागतं ते इथेच सांगते.

तिखटमीठ

मीही या खेपेला दोन बरण्या लावल्या आहेत, एक पिळणार, एक धुणार. पिळलेल्यातून जास्त निघेल असं अजूनही वाटतंय. महिन्याच्या बाटलीचं मात्र ऐकलं, जुनी ओतून दिली.