प्रतिसाद: रेकॉर्ड केलेला उपदेश तपासताना

> रविवारच्या उपदेशाचं रेकॉर्डिंग ऐकतो, पण नेमकं काय तपासायचं?

पास्टरसाहेब, मी अचूकपणापासून सुरुवात करतो. ‘शास्त्र सांगतं’ म्हटलं की रेकॉर्डिंग थांबवायचं आणि तो अध्याय उघडायचा. नाताळच्या उपदेशात ‘तीन मागी गोठ्यात आले’ हे सहज तोंडून जातं. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात भेटवस्तू तीन आहेत, पण मागी किती ते दिलेलं नाही, आणि ११व्या वचनात ते घरात गेले असं आहे. वचनातलं किती आणि नाताळच्या देखाव्यातलं किती, हे असं वेगळं होतं. चूक सापडली तर पुढच्या रविवारी एका वाक्यात दुरुस्त करावी.

मग सूर. दोष दाखवताना ‘तुम्ही’ आणि आशीर्वादाला ‘आपण’ येतंय का, ते ऐका. आवाज कुठे चढतो तेही पाहा. मुद्दा कच्चा असतो तिथे बहुधा चढतोच!

स्पष्टतेसाठी मुख्य मुद्दा एका ओळीत लिहा आणि ती ओळ कितव्या मिनिटाला बोललात ते शोधा.

लांबीचं सोपं आहे. ‘शेवटी एवढंच’ म्हटल्यावर पुढे किती मिनिटं गेली ते बघायचं. आमच्या सांगलीकडं गावची एसटी गाठायची असलेली माणसं तिथंच चुळबुळ करतात.