मदत हवी आहे: जर्मन शब्दांची ७४० कार्डं तुंबलीत

ऋतू_कोथरूड
शनिवार-रविवारच्या जर्मन वर्गाला जाते, ए-टू चालू आहे. शब्द पाठ व्हावेत म्हणून सात आठवड्यांपूर्वी अँकी हे उजळणीच्या कार्डांचं अ‍ॅप घेतलं आणि रोज २५ नवीन शब्दांचा धडाका लावला. मग ऑफिसात रिलीज आली, चार दिवस अ‍ॅप उघडलंच नाही. आज बघते तर ७४० कार्डं उजळणीला! हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये सकाळी ४५ मिनिटं मिळतात, रात्री जेवणानंतर फार तर १०. विचित्र गोष्ट ही की आकडेवारीत माझी ९३ टक्के उत्तरं बरोबर दिसतात, पण वर्गात बाईंनी साधा 'चमचा' विचारला तरी मी गप्प. सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू का?

पेठेतले_काका
अ‍ॅपचं खूळच सोडा. बुटांचं खोकं घ्या, पाच कप्पे करा. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात. लाइटनरची पेटी म्हणतात तिला. मी रशियन असंच शिकलो. तो ७४०चा ढीग खुशाल फेकून द्या.

आर्याची_आई
माझी मुलगी पाचवीत आहे, स्पेलिंग अजिबात लक्षात राहत नाहीत. तिला हे चालेल का? बाणेरच्या बाजूला कुठे क्लास आहे का?

निमिष
ताई, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

ऋतू, पुसायच्या आधी एक सांग. शब्द आठवला नाही की कोणतं बटण दाबतेस?

ऋतू_कोथरूड
Hard. Again दाबलं की तेच कार्ड दहा मिनिटांत पुन्हा समोर येतं, बसमध्ये वैताग येतो.

निमिष
मग तिथेच पाणी मुरतंय. Hard म्हणजे 'आठवलं, पण कष्टाने'. अ‍ॅप त्याला बरोबर उत्तरच धरतं आणि पुढचं अंतर सहसा वाढवतं. म्हणजे दहा दिवसांच्या अंतराने येणारा 'चमचा' तू विसरलीस, Hard दाबलंस, तर जुन्या हिशेबात तो बारा दिवसांनी येणार. विसरलेला शब्द आणखी लांब गेला! तुझे ९३ टक्के असे फुगलेत. Stats मध्ये Answer Buttons चा आलेख बघ. Hard चा खांब उंच आणि Again चा बुटका दिसला तर समज. काकांची पेटी इथे बरोबर आहे, चुकलं की पहिला कप्पा. फेकून द्यायचं मात्र ऐकू नकोस, जे शब्द खरंच पक्के झालेत त्यांची नोंदही जाईल.

आता ढीग. Deck options मध्ये New cards/day शून्य कर, Maximum reviews/day १५०. कार्डाला दहा सेकंद धरली तर २५ मिनिटं, बसमध्ये आरामात होतात. नवीन शब्द बंद केल्यावर रोजची ताजी उजळणी साधारण सत्तरवर येईल असं धरू. म्हणजे ढिगातली ऐंशीएक रोज कमी होतील आणि नऊ-दहा दिवसांत तो संपेल. Again प्रामाणिकपणे दाबू लागलीस की दोन-चार दिवस जास्त लागतील, ते लागू देत.

त्यानंतर रोज सातच नवीन. एक नवीन शब्द पुढे रोजच्या सात-आठ उजळण्या घेऊन येतो, म्हणजे सातांचे पन्नासेक. पंचवीसचे किती होतात ते तू बघितलंच आहेस. नवीन शब्द रात्रीच्या दहा मिनिटांत, वहीत प्रत्येकाचं एक वाक्य लिहून. सकाळी बसमध्ये फक्त उजळणी. रविवारीही सुट्टी नाही, निदान पाच मिनिटं तरी.

जपानी_जुई
माझं जपानीच्या एन-फोर परीक्षेच्या वेळी असंच झालं होतं. आठ-आठ वेळा विसरलेली कांजी अक्षरं अ‍ॅपने leech म्हणून बाजूला काढली, तर मी हट्टाने परत आत घेत बसले. अर्धा वेळ त्या तीसेक कार्डांत गेला. तसली कार्डं बदलून लिही, तेच तेच घोकू नकोस.

आणि जर्मनमध्ये लिंगाचं काय करतेस? आपल्याकडेही तीन आहेत म्हणून सोपं वाटतं, पण चमचा 'देर' म्हणजे आपल्यासारखाच तो, काटा मात्र 'डी' आणि सुरी 'दास'. मराठी डोकं तिथे हमखास फसवतं.

ऋतू_कोथरूड
अय्या, मी 'देर, डी, दास' कार्डावर लिहिलेलंच नाही! वेगळं कार्ड करू का?

निमिष
वेगळं नको. एकाच कार्डावर 'देर लोफेल' असा अख्खा जोड लिही, दोन्ही आलं तरच Good.

जपानी_जुई
मला नाही पटत. शब्द येतो, लिंग चुकतं आणि अख्खं कार्ड Again मध्ये जातं. तिच्या ढिगात भरच पडेल.

ऋतू_कोथरूड
पाच दिवस झाले. ७४० चे ३९० राहिलेत, आणि 'बरोबर'चा आकडा ७४ टक्क्यांवर आलाय. लिंगाचं ठरत नाहीये, तोवर नवीन शब्द शून्यच ठेवते. काका, खोकं पण आणलंय, फक्त लिंग चुकणाऱ्या शब्दांसाठी.