शब्दचर्चा : ‘१४ तारखेची गाडी’ ००.३५ वाजता नेमकी कोणत्या तारखेला?

प्रश्नकर्ती : रेल्वेच्या हिंदी सूचनेचा मराठी आणि इंग्रजी अनुवाद मला करायचा आहे. गाडी आरंभस्थानकावरून २१.५० वाजता निघते आणि आमच्या मधल्या स्थानकावर ००.३५ वाजता येते. ‘यात्रा प्रारंभ तिथि १४ मई, गाड़ी रद्द रहेगी’ या मजकुरासाठी मी ‘१४ मे रोजी मध्यरात्री १२.३५ वाजता येणारी गाडी रद्द राहील’ असे लिहिले आहे. हे बरोबर आहे का?

निवृत्त स्टेशनमास्तर : नाही, कारण येथे यात्रा गाडीची आहे, प्रवाशाची नाही. इंग्रजी सूचनांत `JCO 14.05` असे दिसते, म्हणजे ‘जर्नी कमेन्सिंग ऑन’, आणि ती तारीख आरंभस्थानकाची असते. तुमच्या स्थानकावर तीच गाडी १५ मे रोजी ००.३५ वाजता येणार होती आणि तेथून चढणाऱ्याच्या तिकिटावरही १५ मे हीच तारीख असते. तुमच्या वाक्याप्रमाणे मात्र १३ मे रोजी सुटलेली गाडी रद्द ठरते, आणि ती तर धावणार आहे.

संगणक क्षेत्रातील वाचक : मग १४ मे, २४.३५ असे लिहावे. वेळापत्रकाच्या जीटीएफएस फाइलमध्ये `24:35:00` चालते.

निवृत्त स्टेशनमास्तर : फाइलमध्ये ते योग्यच आहे, कारण तेथे गाडीचा सेवादिन मोजला जातो, पण फलक वाचणाऱ्याच्या घड्याळात २४.३५ कधीच वाजत नाहीत.

एक प्रवासी : माझे तिकीट १४ तारखेचे आहे. परतावा आपोआप मिळेल का?

प्रश्नकर्ती : येथे चर्चा शब्दांची आहे, तरी आपण कोणत्या स्थानकावरून चढणार आहात ते आधी पाहा, मधल्या स्थानकावरून चढणार असाल, तर कदाचित आपली गाडी रद्द झालेलीच नसेल.

अनुवादक : ‘मध्यरात्र’ हा शब्द मी गाळला असता. बोलताना ‘१४ च्या रात्री साडेबारा’ म्हणजे पुष्कळांना १४ तारीख मावळल्यानंतरचे साडेबारा अभिप्रेत असतात, तर घड्याळाच्या हिशेबाने तोवर १५ तारीख लागलेली असते. ‘रद्द राहील’ हेही हिंदीच्या वळणाचे आहे. ‘धावणार नाही’ पुरेसे आहे. माझा मसुदा असा : ‘आरंभस्थानकावरून १४ मे रोजी २१.५० वाजता सुटणारी (या स्थानकावर १५ मे रोजी ००.३५ वाजता येणारी) गाडी धावणार नाही.’ इंग्रजीतही दोन्ही तारखा लिहाव्यात आणि `00:35` पुढे ‘ए.एम.’ लावू नये, कारण ती बारा तासांच्या घड्याळाची खूण आहे.

प्रश्नकर्ती : मान्य. पण ‘००.३५ वाजता’ मोठ्याने वाचायचे कसे?

निवृत्त स्टेशनमास्तर : ‘शून्य वाजून पस्तीस मिनिटांनी.’

अनुवादक : शून्य ‘वाजते’ हे माझ्या कानाला अजूनही खटकते. फलकावर ००.३५ ठेवावे आणि उद्घोषणेत ‘रात्री बारा वाजून पस्तीस मिनिटांनी’ म्हणावे, मात्र १५ मे ही तारीख त्याआधी उच्चारावी.

निवृत्त स्टेशनमास्तर : फलकावर एक आणि कानावर दुसरे, हे मला पटत नाही.