मदत हवी आहे: परळच्या रुग्णालयातून रात्री साडेअकरानंतर भांडुपला एकटीने कसं जावं?

स्नेहल_भांडुप

नमस्कार. बाबांना परळच्या एका मोठ्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं आहे, अजून निदान आठ-दहा दिवस राहावं लागेल म्हणतात. रात्री पेशंटजवळ एकच नातेवाईक आणि तोही पुरुषच चालतो. माझा भाऊ दुसऱ्या पाळीतून अकराला सुटतो, तो साडेअकरापर्यंत येतो. तो आला की पास त्याच्याकडे आणि मी बाहेर. पॅसेजमध्येही बसू देत नाहीत.

मला भांडुप पश्चिमेला, कोकणनगरच्या पुढे चढावर जायचं आहे. आई आणि माझा लहान मुलगा घरी आहेत, त्यामुळे न्यायला कोणी येऊ शकत नाही. गाडी बहुतेक मिळते, पण गेटपासून परळ स्टेशनपर्यंतचा रस्ता त्या वेळी सुनसान असतो आणि भांडुपला उतरल्यावर शेअर रिक्षाची रांग संपलेली असते. काल टॅक्सीवाल्याने घरापर्यंतचे आठशे सांगितले. रोज असं परवडणार नाही. रोज रात्री हे करणाऱ्या कोणी सांगाल का, नक्की काय करता?

नाना_सातारकर

ताई, इतका त्रास घेऊ नका. दादर पूर्वेला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळमध्येच नाना पालकर समितीचं रुग्णसेवा सदन आहे. आम्ही साताऱ्याहून भावाला आणलं होतं तेव्हा धर्मशाळेतच होतो, खूप आधार झाला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सकाळी लवकर जा.

स्नेहल_भांडुप

नाना, धन्यवाद. पण मी मुंबईतलीच आहे, मला राहायची सोय नकोय. सहाला मुलाला उठवून शाळेची तयारी करायची असते, त्यामुळे रात्री घरी पोहोचणं भागच आहे.

निवृत्त_सिस्टर

स्नेहल, मी पंचवीसेक वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळे सुरुवात रुग्णालयाच्या आतून करते. गाडीपेक्षा तुझी निघायची वेळ हा खरा प्रश्न आहे.

रात्रीची इंजेक्शनं आणि राउंड झाल्यावर डॉक्टर काहीतरी लिहून देतात आणि नातेवाइकाला बाहेरच्या मेडिकलमध्ये पळवलं जातं. तिथे रांग. म्हणून दहाला निघेन म्हणणारा माणूस पावणेबाराला निघतो. तू नऊ वाजताच ड्यूटीवरच्या सिस्टरला सांग, "मी एवढ्या वाजता जाणार, रात्रीसाठी आणायचं असेल ते आत्ताच लिहून द्या." बहुतेक सिस्टर ऐकतात, त्यांनाही मध्यरात्री नातेवाईक शोधायला आवडत नाही. आणि भावाला अकराला निघून धावत येण्याऐवजी आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी पाळी बदलून मिळते का, ते मुकादमाला विचारायला लाव. वडील ऍडमिट असल्याचा कागद दाखवला की कधी कधी होतं.

दुसरं, गेटचं. रात्री मुख्य गेट बंद असतं, अपघात विभागाकडचं उघडं असतं. फोनवरून गाडी बोलावलीस तर नकाशावरची खूण आपोआप मुख्य गेटवर पडते. चालक तिकडे थांबतो, तू इकडे, आणि तुला अंधारातून वळसा घालून जावं लागतं. खूण हाताने सरकवून अपघात विभागावर आण आणि गाडी समोर येईपर्यंत आतच, रखवालदाराच्या खुर्चीजवळ उभी राहा. नंबरप्लेट जुळली तरच बस. चालकाला ओटीपी नंतर सांग, आधी त्याने तुझं नाव सांगायला हवं.

आमच्याकडे दुसऱ्या पाळीच्या आया सुटल्या की घोळक्याने स्टेशनला जायच्या. तुमच्या वॉर्डातली आया केव्हा सुटते ते विचार. तिच्या जाण्याच्या वेळेशी तुझी वेळ जुळली तर परळ स्टेशनपर्यंतचा प्रश्नच उरत नाही.

मी_विन्या

एवढं कशाला? १०९१ ला फोन करायचा. रात्री दहा ते सकाळी सहा एकट्या बाईला पोलीस फुकट घरी सोडतात. आमच्या ग्रुपवर आला होता मेसेज.

वृषाली_ठाणे

विन्या, तो मेसेज देशभर फिरतो, पण तसं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूर पोलिसांनी रात्री अडकलेल्या बायकांना घरी सोडण्याची सोय सुरू केली होती. ती बातमी फिरत फिरत सगळ्या देशाची झाली. मुंबईत कोणी मागे लागलं, टॅक्सीवाल्याने भलतीकडे वळवलं, रस्त्यात उतरवलं तर ११२ ला फोन करायचा, जवळची गाडी येते. रोज घरी सोडायला मात्र पोलीस यायचे नाहीत. तिने त्या भरवशावर निघू नये, म्हणून लिहिते आहे.

मी_विन्या

बरं, घरी सोडायचं नसेल. पण अडचणीत फोन करायचा हे तरी बरोबर ना?

वृषाली_ठाणे

ते अगदी बरोबर, पण ११२. आणि लोकलमध्ये काही झालं तर रेल्वेचा १३९ किंवा रेल्वे पोलिसांचा १५१२.

काळीपिवळी_४२

ताई, मी स्वतः टॅक्सी चालवतो. आठशे सांगणाऱ्याने लुटलं असतं. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरला ३१ आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये आहेत. परळ ते भांडुप वीस किलोमीटर धरा. मीटरने साधारण ४१३ होतात. रात्री बारा ते पाच सव्वापट, म्हणजे ५१६. म्हणजे बाराच्या आत बसलात तर शंभरएक रुपये वाचतात.

कोणी सांगेल, सायनपर्यंत टॅक्सी करा आणि तिथून रिक्षा, स्वस्त पडेल. रिक्षा परळला येतच नाही, सायनच्या पलीकडेच मिळते, हे खरं आहे. पण हिशेब बघा. बारानंतर सायनपर्यंतचे सहा किलोमीटर १५५, पुढचे चौदा किलोमीटर रिक्षाने ३०० (रिक्षाचे पहिल्या दीडला २६, मग १७.१४). झाले ४५५. साठ रुपये वाचवायला मध्यरात्री सायनच्या रस्त्यावर उभं राहून दुसरं वाहन शोधायचं. माझ्या बहिणीला मी सांगणार नाही.

टॅक्सी कशी पकडायची ते सांगतो. गेटबाहेर आधीपासून उभी असते ती टॅक्सी पेशंटच्या घाईवर जगते, ती मीटर टाकणार नाही. अपघात विभागात कुणाला सोडून जी टॅक्सी रिकामी परत निघते, तिला हात करा. त्याला तसंही जायचंच असतं. "मीटरने सायनमार्गे भांडुप" एवढंच म्हणा. मीटर पाडल्यावरच दार लावा. आणि आत बसल्याबसल्या फोनवर भावाला गाडीचा नंबर मोठ्याने वाचून दाखवा.

स्नेहल_भांडुप

दादा, हा हिशेब आजपर्यंत कोणीच इतका नीट सांगितला नव्हता. रोज पाचशे मला जड आहेत, पण दोन-तीन वेळा जमेल. बाकीचे दिवस ट्रेननेच.

प्रमिला_कुर्ला

मी पाच महिने आईसाठी याच भागात येत होते, पण मला कुर्ल्यापर्यंतच जायचं असायचं. परळपर्यंत चालण्याऐवजी मी टॅक्सीने दादर पूर्वेला जायचे. मीटरने पन्नासच्या आसपास. जवळचं भाडं म्हणून चार जण नाही म्हणायचे, पाचवा यायचा. दादरच्या फलाटावर त्या वेळी माणसं असतात, परळला तुरळक.

डबा निवडताना एक लक्षात ठेव. काही लेडीज डबे रात्री अकरानंतर सर्वांसाठी खुले होतात. ज्यावर २४ तास महिलांसाठी असं लिहिलंय, त्यातच चढ. रात्री त्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. तो कुठल्या बाजूला उभा आहे ते गाडी थांबता थांबता दिसतं, त्याच्या जवळच्या दाराने चढ. आमच्या डब्यातल्या रोजच्या चार बायकांची ओळख झाली होती, कुर्ल्याला उतरलं की एकमेकींना हात करून जायचो.

निवृत्त_सिस्टर

प्रमिला म्हणते ते बरोबर, पण टॅक्सी मिळवायला दहा मिनिटं गेली तर दादरचा फायदा जातो. आया सोबत असेल तर परळच बरं. नसेल तर दादर.

सागर_डोंबिवली

गाडीचं गणित उलटं मांडा. शेवटची गाडी सीएसएमटीहून सुटते त्यानंतर सुमारे पंधरा मिनिटांनी परळला येते. एम-इंडिकेटरवर वेळापत्रक बघा आणि शेवटच्या नव्हे, त्याच्या आधीच्या गाडीसाठी निघा. शेवटची चुकली की पहाटेशिवाय काही नाही. आधीची चुकली तर अजून एक हाताशी राहते. परळ ते भांडुप अर्धा तास धरा.

शनिवारी रात्री खास लक्ष द्या. रुळांच्या कामासाठी रात्रीचा ब्लॉक घेतात तेव्हा शेवटच्या गाड्या अलीकडेच, कुर्ल्याला किंवा दादरला, संपवतात नाहीतर रद्द करतात. आदल्या दिवशी मध्य रेल्वेची घोषणा बघा. ब्लॉक असेल त्या दिवशी टॅक्सीचे पाचशे तिथेच खर्च करा.

हर्षद_पनवेल

माझंही तेच दुखणं आहे. मला वडाळ्याहून पनवेलला जायचं असतं आणि हार्बरला गाड्यांमधलं अंतरच इतकं की एक चुकली तर अर्धा तास गेला. पनवेलला उतरून पुढे करंजाड्याला जायला रिक्षावाले तोंडाला येईल ते सांगतात. यावर कोणाकडे काही उपाय?

वृषाली_ठाणे

हर्षद, वेगळा धागा काढा ना, इथे स्नेहलचं राहून जाईल. पनवेलचे लोक तिथे नक्की लिहितील.

स्नेहल_भांडुप

सगळ्यांचे आभार. आज नऊलाच सिस्टरना सांगितलं, त्यांनी खरंच दोन औषधं आधी लिहून दिली. वॉर्डातल्या आयाताई साडेदहाला सुटतात आणि त्या मुलुंडला राहतात, म्हणजे माझ्याच गाडीने! भावाचा मित्र साडेदहा ते साडेअकरा बाबांजवळ बसायला तयार झाला आहे, त्याचा पास सिस्टर करून देतील का हे उद्या कळेल.

पण भांडुपच्या बाजूचं अजून सुटलेलं नाही. साडेअकराला उतरले तरी शेअर रिक्षाची रांग नसते.

भांडुप_पश्चिम

मी कोकणनगरलाच राहतो. रांग नसली तरी स्टेशनबाहेर दोन-चार रिक्षा असतात, शेअरवाल्या नाहीत, मीटरवाल्या. दोन किलोमीटर धरले तर मीटरने पस्तीस, बारानंतर त्रेचाळीस. अडचण अशी की चढावर जायला पुष्कळ जण नाही म्हणतात, परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. "वीस रुपये वर देते" म्हटलं की येतात. नियमात बसत नाही, पण रात्री तिथे वाद घालण्यापेक्षा बरं.

वृषाली_ठाणे

पण मग सगळेच वीस मागायला लागतील. आधी मीटरने विचारा, नंबर टिपून ठेवा, नकार दिला तर दुसऱ्या दिवशी आरटीओकडे तक्रार करा.

भांडुप_पश्चिम

तक्रार जरूर करा. पण पावणेबाराला तिथे उभं राहून घरी कसं जायचं, ते तक्रारीने कसं सुटेल? चढावरच्याच एका रिक्षावाल्याचा नंबर माझ्याकडे आहे, तो रात्री घरी परततानाच भाडं घेतो. उद्या त्याला विचारून तुम्हाला व्यनि करतो.