मदत हवी आहे: महाधमनीचा फुगा सोनोग्राफीत ४.७ आणि सीटीत ५.८, खरं माप कोणतं?

खाडीकाठ
वडील, वय ७२, राहणार गुहागर तालुका. लघवीच्या तक्रारीसाठी चिपळूणला सोनोग्राफी केली, तेव्हा पोटातली महाधमनी फुगलेली दिसली. रिपोर्टात ४.७ सेंमी लिहिलंय. दीड महिन्याने कोल्हापूरला कॉन्ट्रास्ट देऊन सीटी केला, त्यात ५.८ सेंमी. पोटात, पाठीत काही दुखत नाही. बीपी गोळीवर ताब्यात आहे, क्रिएटिनिन १.३. विडी अजून सुटलेली नाही. डॉक्टर म्हणाले, साडेपाचच्या वर गेलंय, ऑपरेशन करून टाका. दीड महिन्यात ११ मिलिमीटर वाढ होऊ शकते का? लगेच मुंबई गाठावी की थांबून चालेल?

सड्यावरचा
सीटी सोनोग्राफीपेक्षा अचूक असतो, तेव्हा ५.८ धरा. वर्षात एक सेंमीहून जास्त वाढ झाली तर आकार लहान असला तरी ऑपरेशनचा विचार करतात, आणि तुमच्याकडे तेवढी दीड महिन्यातच झालीय. उशीर करू नका.

फिल्मबॉक्स
@सड्यावरचा, एक सेंमीचा नियम बरोबर आहे, पण तो एकाच पद्धतीने घेतलेल्या दोन मापांना लागू होतो. पहिलं माप सोनोग्राफीचं आणि दुसरं सीटीचं असेल तर त्यांची वजाबाकी म्हणजे वाढ नव्हे. या आकाराचा फुगा सरासरी वर्षाला तीन-चार मिलिमीटर वाढतो. दीड महिन्यात ११ वाढला असं दिसलं तर आधी माप तपासायचं.

@खाडीकाठ, दोन गोष्टी बघा. सोनोग्राफी करणाऱ्याने कर्सर भिंतीच्या आतल्या कडेवर ठेवले की बाहेरच्या? दोन्ही पद्धती चालतात, रिपोर्टात मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. सीटीत बहुधा बाहेरून बाहेर मोजतात. दोन्ही बाजूंच्या भिंती धरल्या तर एवढ्यानेच तीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या वयात महाधमनी सरळ राहत नाही, फुग्याजवळ एका बाजूला वाकते. सीटीचे आडवे काप शरीराला आडवे असतात, धमनीला नव्हे. बांबू तिरका छाटला की तोंड लंबगोल दिसतं, तसा तो काप लंबगोल येतो, आणि घाईत लांब बाजूचंच माप रिपोर्टात उतरतं. तुमच्या रिपोर्टात दोन आकडे आहेत का? असतील तर दोन्ही लिहा.

खाडीकाठ
हो, आत 58 x 51 mm असं आहे. खाली निष्कर्षात फक्त 5.8 cm.

फिल्मबॉक्स
मग चित्र बरंच जुळतं. ५१ मिलिमीटरची गोल नळी साधारण २८ अंश तिरकी कापली तर लांब बाजू ५८ येते. तिकडे सोनोग्राफीतले ४७ आतून आत असतील, तर दोन्हीकडची भिंत दोन-दोन मिलिमीटर धरून ५१ होतात. म्हणजे दोन्ही तपासण्या कदाचित एकच माप सांगतायत.

पण लहान बाजू म्हणजेच खरं माप, असं डोळे झाकून धरू नका. फुगा मुळातच लंबगोल असेल तर काटकोनात कापूनही मोठी बाजू मोठीच येते, आणि मग तीच धरावी लागते. त्यासाठी फिल्म पुरत नाही. सेंटरमधून सीडी मागून घ्या, पातळ कापांची संपूर्ण सिरीज त्यात आहे ना हे तिथेच विचारा. रेडिओलॉजिस्टना सांगा, धमनीच्या मध्यरेषेला काटकोनात बाहेरून बाहेर मोजून द्या. नवीन स्कॅन नको, पुन्हा कॉन्ट्रास्ट नको. क्रिएटिनिन १.३ असताना तो वाचलेला बरा.

मालवणहून
आईचं ५.१ आहे, वय ६८. तिला साडेपाच होईपर्यंत थांबा म्हणून सांगितलंय. म्हणजे बरोबरच ना?

फिल्मबॉक्स
@मालवणहून, नाही, तुमचं गणित वेगळं आहे. साडेपाचचा आकडा ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर उभा आहे, ब्रिटनची १९९८ची आणि अमेरिकेची २००२ची, त्यांत बहुतेक पुरुष होते. बायकांची धमनी मुळात बारीक असते आणि त्याच आकाराचा फुगा त्यांच्यात लवकर फुटतो, म्हणून त्यांच्या बाबतीत ५ सेंमीपासूनच ऑपरेशनची चर्चा करतात. उलट बाजूला ऑपरेशनचा धोकाही बायकांना जास्त असतो. त्यामुळे लगेच करा असं मी म्हणणार नाही, पण साडेपाचची वाट न बघता व्हॅस्क्युलर सर्जनना आताच दाखवा.

दाभोळवासी
स्टेंटच टाकायचा ना? आमच्या शेजाऱ्यांना हृदयात टाकला, तिसऱ्या दिवशी घरी. एवढा विचार कशाला करायचा?

वाहिनी_विभाग
तो स्टेंट वेगळा. इथे कापडाचं अस्तर असलेली नळी जांघेतून आत नेऊन बसवतात. ती धरायला किडनीच्या धमन्यांखाली निरोगी महाधमनीचा पुरेसा लांब तुकडा लागतो, साधारण दीड सेंमी. तो आखूड किंवा फार वाकडा असेल तर कडेने रक्त पुन्हा फुग्यात शिरतं. शिवाय नंतर आयुष्यभर स्कॅन करावे लागतात. म्हणूनच त्या दोन्ही चाचण्यांत ४ ते ५.५च्या दरम्यान लवकर ऑपरेशन करून माणसं जास्त जगली नाहीत, ही गोष्ट पुरुषांच्या निर्णयात इतकी वजनदार ठरते.

@खाडीकाठ, माप काहीही येवो, अचानक पोटात किंवा पाठीत जोराची कळ, दरदरून घाम, चक्कर असं झालं तर आकड्याला अर्थ उरत नाही. थेट १०८. फुगा असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर मुतखडा समजून वेळ जातो. घाट उतरून-चढून जायचं असल्याने व्हॅस्क्युलर सर्जन असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच विचारून नंबर घरात लावून ठेवा.

खाडीकाठ
सीडी देऊन पुन्हा मोजून घेतलं. काटकोनात ५२ x ५१. सर्जननी ते बघून ऑपरेशन तूर्त थांबवलं. पुढची तपासणी कधी आणि कशी करायची?

फिल्मबॉक्स
छान झालं, आता हेच ५२ पायाचं माप. पण पुढे सोनोग्राफीने बघणार असाल, तर याच आठवड्यात बाहेरून बाहेर मोजलेली एक सोनोग्राफी करून घ्या, म्हणजे पुढची तुलना तिच्याशी होईल. सकाळी उपाशीपोटी जा, गॅस असला की कडा नीट दिसत नाहीत. माप पुढून-मागे घ्यायचं आणि आत साचलेली रक्ताची गुठळी धरून. काळा, वाहता भाग तेवढाच मोजला तर पाचाचे साडेतीन होतात आणि सगळे निर्धास्त होतात. शक्यतो मशीन आणि डॉक्टर तेच ठेवा. तरीही दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, तेवढ्याला वाढ म्हणू नका.

वाहिनी_विभाग
अंतराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ५ ते ५.४ला अमेरिकन पद्धतीत सहा महिने, ब्रिटनमध्ये तीन. विडी चालू आहे, म्हणून मी तीन म्हणेन. विडी ओढणाऱ्यांत फुगा फुटण्याची शक्यता साधारण दुप्पट असते, वाढही थोडी जलद. वाढ रोखणारी म्हणून सिद्ध झालेली गोळी अजून नाही, तेव्हा विडी बंद करणं हीच हातातली खरी गोष्ट. वडिलांच्या भावंडांचीही एक सोनोग्राफी करून घ्या, हा आजार घराण्यात चालतो.

फिल्मबॉक्स
पहिल्यांदा तीन महिन्यांनी, स्थिर निघालं तर पुढे सहा, असं केलं तर माझी हरकत नाही.

खाडीकाठ
वडिलांची उंची पाच फूट एक इंच आहे, वजन ४८. एवढ्या लहान चणीच्या माणसालाही साडेपाचच लावायचं का?

वाहिनी_विभाग
यावर सर्जनांतच एकमत नाही. आपल्याकडे काही जण किरकोळ बांध्याच्या पुरुषालाही ५च्या आसपास ऑपरेशन सुचवतात, पण साडेपाचसारखा चाचण्यांचा आधार त्याला नाही. फुग्याच्या वरच्या निरोगी धमनीचा व्यास त्याच सीडीवर मोजून घ्या. तो १६-१७ मिलिमीटरच असेल तर ५२ म्हणजे तिप्पट, आणि हा प्रश्न सर्जनना तो आकडा पुढे ठेवून विचारा.